कॅप्टनच्या कामाचा लेखी अभिप्राय

रेस्टॉरंटमध्ये पाहुण्यांशी सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस म्हणजे कॅप्टन. टेबलाशी जाऊन ऑर्डर घेणे, ती केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघराला जाणाऱ्या चिठ्ठीवर, चढवणे, कोणता पदार्थ कधी बाहेर यावा हे ठरवणे, वाढप चालू असताना नजर ठेवणे, तक्रार आली तर ती सर्वांत आधी ऐकून घेणे आणि शेवटी बिल देणे ही त्याची कामे. मध्यम आकाराच्या रेस्टॉरंटमध्ये एका कॅप्टनकडे साधारण पाच-सहा टेबलांचा सेक्शन असतो आणि हाताखाली दोन-तीन माणसे असतात. त्यामुळे अर्धे काम तो स्वतः करतो आणि अर्धे इतरांकडून करून घेतो. त्याच्या कामाविषयी लिहिणे अवघड होते ते इथेच. जेवण उशिरा आले, तर चूक कॅप्टनची, वेटरची, की गर्दीच्या रात्री तंदूरवर एकच माणूस ठेवणाऱ्या मॅनेजरची, हे पाहुण्याला कळायचे कारण नाही. पण अभिप्राय लिहिणाऱ्याला ते कळलेच पाहिजे.

बहुतेक ठिकाणी कॅप्टनला अभिप्राय मिळतो तो तोंडी, बहुधा सेवा चालू असताना, आणि त्यातही चूक झाल्यावरच. वर्षातून एकदा पगारवाढीच्या वेळी जो कागद भरला जातो त्यावर ‘मेहनती आहे’, ‘वागणूक चांगली’, ‘गर्दीत लक्ष कमी पडते’ असे शेरे असतात. असे शेरे वाचून उद्या संध्याकाळी सात वाजता नेमके काय वेगळे करायचे, ते कॅप्टनला समजत नाही. लेखी अभिप्रायाची खरी कसोटी तीच आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. अभिप्रायाने सरासरी काम सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट घसरते, असे त्यांना आढळले. अभिप्राय वाचणाऱ्याचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळले, की त्याचा उपयोग कमी होतो, अशी त्यांची मांडणी होती. ‘लक्ष कमी पडते’ हा शेरा नेमके हेच करतो.

लिहिण्याआधीची जमवाजमव

पुण्यातले ९० खुर्च्यांचे, मराठी आणि उत्तर भारतीय जेवण देणारे एक रेस्टॉरंट उदाहरणादाखल घेऊ. तिथला एक कॅप्टन चार वर्षे काम करतो आहे. त्याच्याकडे सहा टेबले, दोन वेटर आणि एक हेल्पर. एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा अभिप्राय मॅनेजरला लिहायचा आहे.

पहिली अडचण स्मरणशक्तीची. तीन महिन्यांचे म्हणून जे आठवते ते बहुधा शेवटच्या पंधरा दिवसांचे असते. म्हणून मॅनेजरने रोज सेवा संपल्यावर वहीत एखादी ओळ लिहिण्याची सवय ठेवलेली बरी: तारीख, टेबल, काय घडले, पुढे काय झाले. चांगले घडले तरी नोंद, चुकले तरी नोंद. अशी वही नसेल तर निदान रेस्टॉरंटमध्ये आपोआप तयार होणारी कागदपत्रे समोर घ्यावीत. केओटीवर वेळ छापलेली असते. रद्द केलेल्या केओटींची यादी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून निघते. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय असतात. ब्रीफिंगच्या वेळी, म्हणजे सेवा सुरू होण्यापूर्वीच्या छोट्या बैठकीत, आज कोणता पदार्थ नाही हे ज्या फळ्यावर लिहितात, त्याचा फोटो ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी असते.

या नोंदींनाही मर्यादा आहेत. बिल कधी छापले आणि पैसे कधी जमा झाले हे सॉफ्टवेअर सांगते. पण पाहुण्याने बिल मागितले कधी, हे ते सांगू शकत नाही. पाहुण्याची चिडचिड तर नेमकी त्याच मधल्या वेळात होते. ते मोजायचे असेल, तर मॅनेजरने दोन-तीन शनिवार-रविवार स्वतः उभे राहून वेळ टिपायला हवी. आणखी एक सापळा विक्रीच्या आकड्याचा. एका कॅप्टनच्या टेबलांचे सरासरी बिल दुसऱ्यापेक्षा कमी दिसते, पण खिडकीजवळची मोठी टेबले दुसऱ्याकडे असतात आणि याच्याकडे दोघांची छोटी टेबले असतात. सेक्शन आलटून पालटून दिले नसतील, तर या आकड्यावरून कोणालाही चांगले-वाईट ठरवता येत नाही.

चूक कोणाची, याची छाननी

पुराव्यातून अभिप्राय तयार होतो तो छाननीनंतर. या कॅप्टनच्या नावावर तीन महिन्यांत रद्द झालेल्या ११ केओटी दिसतात. नुसता आकडा लिहिला तर तो आरोप वाटेल. एकेक चिठ्ठी उघडून पाहिल्यावर मात्र चित्र बदलते. चार वेळा पाहुण्यानेच मन बदलले. तीन वेळा पदार्थ सेवेच्या मध्येच संपला आणि स्वयंपाकघराने बाहेर कळवले नाही. उरलेल्या चार वेळा पदार्थ नसल्याचे सकाळीच फळ्यावर लिहिले होते आणि तरीही कॅप्टनने ऑर्डर घेतली. त्याच्या खात्यावर जातात त्या या चारच. शिवाय त्या चारही एप्रिलमधल्या आहेत. महिनाअखेरीस त्याला तोंडी सांगितल्यावर मे आणि जूनमध्ये तशी एकही नोंद नाही. म्हणजे ही चूक आता त्रुटींच्या यादीत बसत नाही. सांगितल्यावर सुधारणा केली, याचा पुरावा म्हणून ती कौतुकाच्या बाजूला जाते.

काही तक्रारी कॅप्टनच्या नावाने येतात, पण मुळात धोरणाच्या असतात. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. एखाद्या पाहुण्याने ‘कॅप्टन सेवा शुल्कासाठी अडून बसला’ असे लिहिले असेल, तर आधी पाहावे लागते की त्याला वरून सूचना काय होती. मालकाच्या धोरणाची तक्रार कॅप्टनच्या कागदावर चढवली, तर बाकीचा कागदही तो मनावर घेणार नाही. त्याच्या बोलण्याचा सूर उद्धट होता का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच लिहावा लागतो.

छाननीनंतर आपल्या उदाहरणात दोन त्रुटी उरतात. एक, पाहुण्याची खास सूचना केओटीवर न लिहिता तोंडी सांगणे. दोन, मुख्य जेवण वाढल्यावर टेबलाकडे पुन्हा न वळणे आणि त्यामुळे बिलाला होणारा उशीर. रविवारी रात्री रोट्या उशिरा येण्याच्या तक्रारीही आहेत. पण केओटी वेळेवर गेलेली आहे आणि अडकली आहे ती तंदूरवर. म्हणून ती बाब शेफबरोबरच्या बैठकीत जाते, कॅप्टनच्या अभिप्रायात येत नाही.

कौतुक लिहिण्याची रीत

कौतुकाचा उपयोग पुढची टीका गोड करण्यापुरता आहे, असा समज असतो. त्यातूनच आधी दोन चांगली वाक्ये, मध्ये दोष आणि शेवटी पुन्हा चांगले वाक्य, असा साचा तयार झाला. तो ओळखीचा झाला, की पहिले चांगले वाक्य वाचतानाच माणूस ‘पण’ची वाट पाहू लागतो. खरे तर कौतुक ही माहिती आहे. कोणती गोष्ट तशीच चालू ठेवायची, हे त्यातून कळते. म्हणून तेही त्रुटीइतकेच नेमके हवे: कधी, कुठे, काय केले आणि त्याने काय झाले.

‘गर्दी चांगली हाताळता’ या वाक्याऐवजी आपल्या कॅप्टनला पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“१८ मे, रविवार रात्र. १४ जणांचे कुटुंब आरक्षण न करता आले. तुम्ही दोन टेबले जोडली. मुलांचे जेवण आधी मागवून त्याची वेगळी केओटी केली आणि मोठ्यांची ऑर्डर दहा मिनिटांनी आत पाठवली. त्यामुळे स्वयंपाकघरावर एकदम भार आला नाही, मुले रडवेली झाली नाहीत आणि तुमच्या बाकीच्या चार टेबलांपैकी एकावरही तक्रार आली नाही. मोठ्या गटांसाठी हीच पद्धत चालू ठेवा. जुलैपासून दुसऱ्या कॅप्टनलाही ती दाखवा.”

दुसरे कौतुक नव्या वेटरला शिकवल्याचे. इथेही ‘टीमवर्क उत्तम’ असे न लिहिता, एप्रिलमध्ये रुजू झालेला वेटर सहा आठवड्यांत स्वतंत्रपणे दोन टेबले सांभाळू लागला आणि त्याला रोज ब्रीफिंगनंतर मेनूमधले दोन पदार्थ कॅप्टनने समजावून दिले, हे लिहावे. कॅप्टनच्या कामात इतरांना तयार करण्याचा जो भाग आहे, तो बिलात किंवा केओटीत कुठेच दिसत नाही. लेखी अभिप्रायातच त्याची नोंद होऊ शकते.

कौतुक आणि त्रुटी यांची संख्या सारखी असावी, असा नियम नाही. कागद कामाच्या खऱ्या चित्राशी जुळला म्हणजे समतोल साधला. ज्याचे बहुतेक काम चांगले आहे, त्याच्या कागदावर तीन परिच्छेद त्रुटींचे आणि एक ओळ कौतुकाची असेल, तर तो कागद खोटा आहे. गंभीर त्रुटी तीन गोड वाक्यांत दडवली असेल, तर तोही खोटाच.

त्रुटी लिहिण्याची रीत

त्रुटीच्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: प्रसंग, कृती आणि परिणाम. स्वभावाविषयीचा निष्कर्ष त्यात नको. ‘निष्काळजी’ हा शब्द वादाला निमंत्रण देतो. तारीख आणि टेबल यांवर फारसा वाद होत नाही. पहिली त्रुटी अशी लिहिता येईल:

“१४ जून, शनिवार, रात्री साधारण नऊ, टेबल ७. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कोशिंबिरीत दाण्याचे कूट नको, असे आईने सांगितले. तुमच्या वहीत तशी नोंद आहे. केओटीवर ती नाही. तुम्ही ती सूचना आत जाऊन तोंडी दिली. कोशिंबीर कूट घालूनच बाहेर आली. खाण्यापूर्वी आईच्या लक्षात आले, म्हणून अनर्थ टळला. मे महिन्यातही दोनदा (९ आणि २३ तारखेला) ‘कांदा-लसूण नको’ ही सूचना केओटीवर नव्हती आणि पदार्थ परत गेले.”

या परिच्छेदात एकही विशेषण नाही, तरी त्रुटीचे गांभीर्य पुरेपूर कळते. वहीत नोंद होती, हेही त्यात आहे. म्हणजे कॅप्टनने पाहुण्याचे ऐकले होते, दुर्लक्ष केले नव्हते. चूक घडली ती वहीतून चिठ्ठीपर्यंतच्या टप्प्यात. ती का घडते, हे समजून घेतले तर उपायही नेमका निघतो. स्वयंपाकघरात सूचना ऐकणारा एक असतो आणि ताटली भरणारा दुसरा. गर्दीत कोशिंबिरीच्या वाट्या आधीच भरून ठेवलेल्या असतात. भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती चिठ्ठी. जे चिठ्ठीवर नाही, ते त्याच्यासाठी सांगितलेलेच नसते. शेंगदाणा हा अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शनविषयक नियमांतल्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. मराठी स्वयंपाकात तर कूट कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून या त्रुटीला अभिप्रायात पहिले स्थान मिळते.

दुसरी त्रुटी त्या मानाने सौम्य आहे आणि लिहितानाही ती तशीच दिसायला हवी:

“जूनमधल्या तीन शनिवारी रात्री साडेआठ ते दहा या वेळात तुमच्या सेक्शनमधल्या १० टेबलांची वेळ टिपली. मुख्य जेवण वाढल्यावर तुम्ही किंवा तुमचा वेटर सहा टेबलांकडे पुन्हा चौकशीला गेला नाही. बिल मागितल्यापासून टेबलावर येईपर्यंत पाच टेबलांना दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला. त्या वेळी तुम्ही बहुधा नव्या टेबलांची ऑर्डर घेत होता.”

शेवटचे वाक्य सबब म्हणून आलेले नाही. त्यात कारण आहे. नवे टेबल बसले की कॅप्टनचा ओढा तिकडे जातो, कारण ऑर्डर घेणे हे त्याचेच काम मानले जाते. जेवत असलेले टेबल मात्र वेटरकडे आहे असे तो धरून चालतो, आणि वेटर ते कॅप्टनकडे आहे असे समजतो. त्रुटी मधल्या जागेत आहे. त्यामुळे उपायही कामाच्या वाटणीतून यायला हवा.

एका अभिप्रायात दोन, फार तर तीन त्रुटी पुरेत. सात-आठ लिहिल्या, तर सर्वांत धोक्याची आणि सर्वांत किरकोळ एकाच रांगेत बसतात, आणि कॅप्टन त्यांतली सोपी तेवढी सुधारतो.

उद्दिष्ट ठरवताना

‘यापुढे काळजी घ्यावी’ हे उद्दिष्ट होत नाही, कारण काळजी घेतली की नाही हे दोन महिन्यांनी कोणालाच सांगता येणार नाही. उद्दिष्टात कोणती कृती करायची, किती प्रमाणात, कोणत्या तारखेपर्यंत, ती तपासायची कशी आणि मदत काय मिळणार, हे सगळे यावे. आणि ती कृती कॅप्टनच्या हातातली असावी. ‘तक्रारी निम्म्याने कमी करणे’ हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. सूचना चिठ्ठीवर लिहिणे आहे.

पहिल्या त्रुटीसाठी: “१ जुलैपासून अ‍ॅलर्जीची किंवा एखादा पदार्थ वगळण्याची प्रत्येक सूचना केओटीवर लिहावी, ऑर्डर संपताना पाहुण्याला वाचून दाखवावी आणि ताटली बाहेर नेण्यापूर्वी चिठ्ठीशी ताडून पाहावी. आत तोंडी सांगायला हरकत नाही. पण चिठ्ठीनंतर, चिठ्ठीऐवजी नाही. तपासणी: दर सोमवारी मॅनेजर तुमची वही आणि आठवड्याच्या केओटी समोरासमोर ठेवून पाहील. अपेक्षा: एकही तफावत नाही. मदत: बिलिंग मशीनवर ‘दाणे नको’, ‘कांदा-लसूण नको’, ‘जैन’ अशी तयार बटणे ५ जुलैपर्यंत बसवून मिळतील.”

दुसऱ्यासाठी: “मुख्य जेवण वाढल्यावर दोन मिनिटांत, म्हणजे पाहुण्याचे पहिले दोन-चार घास झाल्यावर, टेबलाशी जाऊन चौकशी व्हावी. बिल मागितल्यापासून पाच मिनिटांत टेबलावर यावे. शनिवार-रविवारी साडेआठ ते दहा या वेळात बिलाची जबाबदारी ठरावीक वेटरकडे द्यावी आणि ती ब्रीफिंगमध्ये जाहीर करावी. तपासणी: ऑगस्टमधल्या दोन शनिवारी १० टेबले. अपेक्षा: १० पैकी आठ.”

दोन्ही उद्दिष्टांतल्या अपेक्षा वेगळ्या का, हे पाहण्यासारखे आहे. बिलाला कधीतरी उशीर होणारच. मशीन बंद पडते, एखादा पाहुणा बिल तीन भागांत मागतो. तिथे १० पैकी १० मागितले, तर पहिल्याच शनिवारी उद्दिष्ट मोडते आणि मग ते कोणी पाळत नाही. अ‍ॅलर्जीच्या सूचनेत मात्र दहातली एक चूक चालवून घेता येत नाही. म्हणून तिथे अपेक्षा शून्याची, पण ती अशा कृतीवर लावलेली की जी कॅप्टनला प्रत्येक वेळी खरोखर करता येते.

कागद हातात देताना

हा कागद कॅप्टनला सेवेच्या तोंडावर किंवा इतरांसमोर देऊ नये. दुपारची सेवा आटोपल्यावरचा अर्धा तास बरा. आधी त्याने तो शांतपणे वाचावा, मग बोलणे व्हावे. भाषा त्याला सहज वाचता येईल अशी हवी. महाराष्ट्रातल्या रेस्टॉरंटमध्ये दूरच्या राज्यांतून आलेले अनेक जण काम करतात. त्यांच्यासाठी मराठीपेक्षा साधी हिंदी सोयीची असू शकते. ठरीव इंग्रजी नमुना मात्र बहुतेकांना परकाच असतो.

बोलण्यातून तपशील बदलू शकतो. आपला कॅप्टन म्हणतो की ९ मे रोजी मशीनचा कागद संपला होता आणि हाताने चिठ्ठी लिहावी लागली. नोंद तपासून ते खरे निघाले, तर ती तारीख खोडावी; बाकीच्या दोन राहतात. खोडलेल्या एका ओळीमुळे उरलेल्या ओळी जास्त विश्वासार्ह ठरतात. कागदाच्या शेवटी त्याच्या म्हणण्यासाठी जागा असावी, आणि सहीपाशी ‘मान्य’ ऐवजी ‘वाचले व चर्चा झाली’ असे लिहावे. वाचल्याची सही आणि कबुलीची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच कारणाने अभिप्राय आणि मेमो यांची सरमिसळ टाळावी. पैशांची अफरातफर, मद्यपान करून कामावर येणे, पाहुण्याशी किंवा सहकाऱ्याशी असभ्य वर्तन यांची वाट वेगळी आहे: लेखी आरोप, खुलाशाची संधी, चौकशी. अशा गोष्टी अभिप्रायात घुसवल्या, तर चौकशी कच्ची राहते आणि अभिप्रायाचा कागद धमकीसारखा वाचला जातो. उलट, सुधारण्याजोग्या साध्या त्रुटीला मेमो दिला, तर कॅप्टन पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो. टेबल ७ चा प्रसंग मॅनेजरपर्यंत पोचला, तो कॅप्टनने स्वतः सांगितल्यामुळे असेल, तर तेही अभिप्रायात कौतुक म्हणून लिहायला हवे.

शेवटचा भाग पाठपुराव्याचा. जुलैअखेरीस दहा मिनिटांची एक भेट आणि ऑगस्टअखेरीस दुसरी, अशा तारखा कागदावरच टाकलेल्या असाव्यात. पहिल्या भेटीत मॅनेजरने स्वतःचे आश्वासनही तपासावे: बटणे बसली का, बिलाचा वेटर खरोखर मोकळा ठेवला गेला का. ते झाले नसेल, तर दुसऱ्या उद्दिष्टाची तारीख पुढे सरकते आणि तशी नोंद होते. ऑगस्टअखेर वही आणि केओटी जुळत असतील, तर पहिली त्रुटी ‘पूर्ण’ म्हणून बंद करावी आणि पुढच्या तिमाहीच्या कागदावर ती पुन्हा उगाळू नये. तफावत अजून असेल, तर ती कोणत्या वारी, कोणत्या वेळी आणि कोणत्या पदार्थाबाबत होते ते पाहून उद्दिष्टातली कृतीच बदलावी लागते. तेच वाक्य अधिक कडक शब्दांत पुन्हा लिहून भागत नाही.